आत अडकल्यासारखे वाटते, ते खरेच मळ असते का?

‘डॉक्टर मॅडम, मी ५१ वर्षांची असून चोपडा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीत काम करते. दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली, पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला. सहा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली. चार वर्षांपासून रोज सकाळी चार-पाच वेळा संडासला जावे लागते, दर वेळी अर्धा तास कुंथते, तरी काहीतरी आतच अडकले आहे असे वाटत राहते. मळ कडक नसतो. योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाबले तर थोडे मोकळे होते, हे मी घरात कोणालाच सांगितलेले नाही. कोलोनोस्कोपी चांगली आली. नाशिकला एमआर डिफेकोग्राफी, म्हणजे शौच होतानाची चित्रे घेणारी तपासणी केली, तिचा अहवाल सोबत जोडते आहे. एक डॉक्टर म्हणतात, जाळी टाकून ऑपरेशन करून घ्या. दुसरे म्हणतात, हे पुष्कळांमध्ये असते, इसबगोल वाढवा. सासूबाई म्हणतात, मनाचा खेळ आहे. आतडे आत शिरले आहे म्हणजे ते सडेल का? आणि ऑपरेशन करू की नको?’

ताई, आधी भीतीचे उत्तर देते. ‘आतड्यात आतडे शिरणे’ हे शब्द आपल्याकडे तान्ह्या बाळांच्या आजारामुळे माहीत झालेले आहेत. त्या आजारात लहान आतड्याचा भाग मोठ्या आतड्यात शिरून तिथेच आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा बंद पडू लागतो आणि बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. तुमच्या अहवालातला इंटससेप्शन हा शब्द तोच असला, तरी घटना वेगळी आहे. तुमच्या गुदाशयाची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाची, भिंत कुंथताना स्वतःवरच गोलाकार दुमडते, खाली सरकते आणि जोर थांबला की पुन्हा वर जाते. ती तिथे आवळली जात नाही, त्यामुळे सडत नाही, आणि हा कर्करोगही नाही. ही घडी पुढे अंग बाहेर येण्यापर्यंत जाईल अशी धास्ती अनेकींना असते, पण अशी घडी असलेल्या बहुतेक जणींमध्ये तसे होत नाही.

हे दुमडणे डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर घट्ट बाहीच्या ब्लाउजमधून घाईने हात बाहेर ओढताना काय होते ते आठवा. बाहीचा वरचा भाग खालच्या भागात शिरतो, कापडाचे दोन-तीन थर एकावर एक येतात आणि मनगटापाशी गोळा होऊन हात अडतो. बाही फाटलेली नसते आणि तिच्यात बाहेरचे काही अडकलेलेही नसते. तिचे स्वतःचेच कापड वाटेत आलेले असते, आणि जितका जोर लावाल तितका तो गोळा घट्ट होत जातो. गुदाशयात ही घडी साधारणपणे गुदद्वारापासून सहा ते आठ सेंटिमीटर वर सुरू होते आणि नरसाळ्यासारखी निमुळती होत खाली येते.

आता अहवाल समोर ठेवा. तो निष्कर्षांची यादी म्हणून न वाचता एका सकाळची हकिकत म्हणून वाचला, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. तपासणीत तुमच्या गुदाशयात सुमारे १८० मिलिलिटर जेल भरले होते. सुरुवातीला नुसते पडून राहायला सांगितले, मग ‘आवळा’ म्हणाले, मग ‘कुंथा’ आणि शेवटी ‘बाहेर टाका’. स्वस्थ असताना गुदाशय आणि गुदमार्ग यांच्यातला कोन १०४ अंश होता, आवळल्यावर तो ८८ झाला आणि कुंथताना १२८ पर्यंत उघडला. अहवालातली मला सर्वांत आश्वासक वाटलेली नोंद हीच आहे, कारण गुदाशयाला मागून पट्ट्यासारखा विळखा घालून हा कोन धरून ठेवणारा प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू तुमच्यात वेळेवर सैल होतो, असे तिच्यावरून दिसते. दार उघडते आहे, तेव्हा अडचण दाराच्या आतल्या बाजूला शोधायला हवी.

पहिल्या प्रयत्नात जेल बाहेर येऊ लागले आणि त्याच वेळी गुदाशयाची पुढची भिंत योनीच्या बाजूला २.६ सेंटिमीटर फुगली. या फुगवट्याला रेक्टोसील म्हणतात. दुसऱ्या प्रयत्नात आणखी थोडे जेल आले. तिसऱ्या प्रयत्नात, गुदाशय अर्धा रिकामा झाल्यावर, वरून घडी उतरली आणि तिचे टोक गुदमार्गाच्या वरच्या तोंडावर येऊन टेकले. त्यापुढे जेलचा प्रवाह थांबला, आणि जे उरले त्यातले बरेचसे त्या फुगवट्यात राहिले. याच घडीला अहवालात ऑक्सफर्ड ग्रेड ३ म्हटले आहे. या मोजपट्टीत पहिल्या दोन पायऱ्यांवर घडी गुदाशयातच राहते, तिसरीत ती गुदमार्गाच्या तोंडावर टेकते, चौथीत आत शिरते आणि पाचवीत बाहेर दिसते.

तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे मला या क्रमाच्या आधाराने लक्ष वेधायचे आहे. आत काहीतरी अडकले आहे असे वाटते, म्हणजे मळ उरला आहे, आणि तो बाहेर काढलाच पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. मात्र गुदाशयाच्या खालच्या भागात आणि गुदमार्गाच्या तोंडाशी असलेल्या संवेदना तिथे काहीतरी येऊन टेकले आहे एवढेच कळवतात, आणि ते मळ आहे की दुमडलेली भिंत आहे, हा फरक त्यांना नीट करता येत नाही. घडी खाली येऊन टेकली की शौचाची भावना पुन्हा होते, तुम्ही पुन्हा कुंथता, कुंथल्याने घडी आणखी खाली येते आणि भावना अधिकच तीव्र होते. सकाळच्या चार-पाच फेऱ्यांपैकी पहिल्या एक-दोन मळासाठी असाव्यात. उरलेल्यांत तुम्ही बहुधा स्वतःच्याच गुदाशयाला बाहेर ढकलत असता. तेव्हा ही भावना खरी आहे, मनाचा खेळ मुळीच नाही, आणि सासूबाईंना हे सांगायला अहवालाचा आधार आहे. चुकते ते तिचा अर्थ लावण्यात.

बोटाने दाबल्यावर मोकळे होते, हे लिहायला तुम्हाला किती संकोच वाटला असेल ते मी समजू शकते. पण पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती तीच आहे. योनीच्या मागच्या भिंतीवर दाब दिल्याने रेक्टोसीलचा फुगवटा बंद होतो आणि त्यात शिरू पाहणारा मळ सरळ खाली वळतो. म्हणजे तुमच्यात रेक्टोसील नुसते चित्रात दिसत नाही, ते कामातही आड येते. एरवी दोन सेंटिमीटरपर्यंतचा फुगवटा कोणतीही तक्रार नसलेल्या पुष्कळ बायकांमध्ये सापडतो आणि त्याकडे लक्ष देण्याचे कारण नसते. हात स्वच्छ असतील, नखे कापलेली असतील, तर हा आधार देण्यात गैर काही नाही. गुदद्वारातून बोट घालून ओरबाडून काढणे मात्र टाळा, कारण त्याने आतल्या अस्तराला इजा होते.

अहवालातली आणखी एक ओळ अशी, की कुंथताना गुदाशय आणि गुदमार्गाचा सांधा ओटीपोटाच्या तळाची पातळी दाखवणाऱ्या रेषेखाली साडेपाच सेंटिमीटर उतरतो. हे मध्यम प्रमाणातले उतरणे आहे. चिमट्याचे बाळंतपण आणि त्यानंतर वर्षानुवर्षे केलेले कुंथणे, या दोन्हींमुळे ओटीपोटाच्या तळाची झोळी सैल होते, आणि लावलेला जोर मळाला ढकलण्याऐवजी ती झोळीच खाली ताणण्यात वाया जातो. गर्भपिशवी काढल्यानंतर काही जणींमध्ये गुदाशय आणि योनी यांच्यामधल्या जागेत लहान आतड्याची वेटोळी उतरून गुदाशयाला बाहेरून दाबतात, त्याला एन्टरोसील म्हणतात. तुमच्या अहवालात त्याचा उल्लेख नाही, पण तो ‘नाही’ असेही लिहिलेले नाही, म्हणून क्ष-किरणतज्ज्ञांना हे स्पष्ट विचारून घ्या.

दोन डॉक्टरांनी दोन टोकांचे सल्ले दिले याने तुम्ही गोंधळून गेला आहात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १९८९ साली ४७ निरोगी स्वयंसेवकांची डिफेकोग्राफी करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्यांमध्ये अस्तराचे घसरणे किंवा घडी दिसली होती, आणि २१ पैकी १७ स्त्रियांमध्ये रेक्टोसील. यांतल्या कोणालाही तक्रार नव्हती. म्हणून केवळ अहवालात शब्द आला एवढ्यावर शस्त्रक्रिया ठरवणे चूक आहे, हे दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. परंतु निरोगी माणसांमधली घडी बहुधा उथळ असते आणि गुदाशय जवळजवळ पूर्ण रिकामा झाल्यावर शेवटी दिसते. तुमच्यात मात्र ती उतरल्यावर प्रवाह थांबला आणि जेल मागे राहिले. घडी केव्हा आली, कुठवर आली आणि तिच्या येण्याने काही अडले का, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिली, तर तुमच्या घडीला ‘सगळ्यांमध्ये असते’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

तरीही घडी कारण आहे की परिणाम, हा प्रश्न उरतोच. काही वर्षांपूर्वी शिरपूरकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. वय चाळिशीच्या आतले, तक्रार जवळपास तुमच्यासारखीच, अहवालातही ग्रेड ३. पण त्यांची चित्रफीत पाहताना लक्षात आले, की कुंथताना त्यांचा कोन उघडण्याऐवजी आणखी मिटत होता. जो स्नायू सैल व्हायला हवा तोच ते नकळत आवळत होते, आणि बंद दारावर दहा वर्षे जोर लावून लावून वरची भिंत दुमडू लागली होती. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली असती तर दार बंदच राहिले असते. पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा आलेख पाहत तो स्नायू सैल सोडायला शिकवण्याच्या पद्धतीला बायोफीडबॅक म्हणतात. त्याच्या काही बैठकांनंतर त्यांचे कुंथणे सुटले आणि तक्रार मावळली. त्यांची घडी तेव्हा गेली की नाही हे मी पुन्हा तपासले नाही, तशी गरजही पडली नाही.

तुमचा कोन उघडतो, तरीही या बाजूची एकदा खात्री करून घ्यावी असे मला वाटते, कारण तपासणीच्या खोलीतला एक दिवस आणि घरातली रोजची सकाळ यांत फरक असतो. अनोळखी माणसांसमोर संकोचाने काही जणी स्नायू आवळून धरतात आणि प्रत्यक्षात नसलेला दोष अहवालात उमटतो. शिवाय एमआर तपासणी बहुतेक ठिकाणी आडवे झोपून होते. बसल्यावर मिळणारा वजनाचा आधार तिथे नसल्याने घडी प्रत्यक्षाहून लहानही दिसू शकते, तर बेरियमची लापशी भरून खुर्चीवर बसवून केलेल्या क्ष-किरण डिफेकोग्राफीत ती अधिक नैसर्गिक दिसते. म्हणून अनुभवी डॉक्टरांकडून बोटाने तपासणी, गुदमार्गाचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि फुग्याची चाचणी करून घ्या. या चाचणीत ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला लहान फुगा बाहेर टाकायला सांगतात. तो साधारण एका मिनिटात निघाला, तर स्नायूंचा ताळमेळ ठीक आहे असे मानण्यास आधार मिळतो.

आता रोजच्या सकाळीबद्दल. इसबगोल तुम्ही किती घेता हे लिहिलेले नाही, पण ‘वाढवा’ या सल्ल्याबद्दल मी सावध आहे. तुमचा मळ आधीच मऊ आहे. वाट अडलेली असताना त्याचे आकारमान वाढवत गेले, तर गुदाशय अधिक भरतो आणि काही जणींना त्रास उलट वाढतो. रात्री एक ते दोन चहाचे चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्या आणि त्यावर आणखी पाणी प्या, त्याहून जास्त नको. कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी जेवणात असेल तर तंतूंची बरीचशी गरज तिथेच भागते. अंगणवाडीत संडासाची सोय नसल्याने दिवसभर पाणी न पिण्याची सवय आपल्याकडच्या अनेक बायकांना असते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर तिची किंमत दुप्पट मोजावी लागते. तुमचे तसे असेल, तर ते आधी बदला.

शौचाला बसण्याची वेळ सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर वीस मिनिटांनी ठेवा, कारण पोटात काही गेल्यावर मोठे आतडे आपोआप हालचाल करते. भावना झाल्याशिवाय बसू नका. घरी कमोड असेल, तर पायांखाली साधारण वीस सेंटिमीटर उंचीचे काही ठेवा. दोन लाकडी पाट एकावर एक घट्ट बसत असतील तर तेही चालतील. गुडघे कंबरेच्या वर येऊ द्या, कोपरे मांड्यांवर टेकवून पुढे झुका. श्वास कोंडून धरू नका, तोंड किंचित उघडे ठेवा आणि पोट आत ओढण्याऐवजी पुढे व बाजूंना फुगवा, म्हणजे दाब वरून सावकाश येतो. योनीच्या भिंतीला आधार द्यायचा तो याच वेळी द्या. साधा भारतीय संडास असेल तर उकिडवे बसणे उत्तमच, पण त्या बसण्यातही अर्धा तास काढला तर झोळी ताणलीच जाते.

पाच मिनिटे झाली की उठा, ‘अजून आहे’ असे वाटत असले तरी. सुरुवातीला हे फार कठीण जाईल, हे मला माहीत आहे. उठल्यावर थोडे चाला किंवा दहा-पंधरा मिनिटे डाव्या कुशीवर पडून राहा. जोर थांबला की घडी वर सरकते, आणि तिच्यासोबत ती भावना ओसरते का, हे नीट पाहा. ओसरली तर तिथे मळ नव्हता. तासाभराने पुन्हा स्पष्ट भावना झाली तरच दुसऱ्यांदा जा. सलग तीन आठवडे एका वहीत रोज किती वेळा गेलात, किती मिनिटे बसलात, खरोखर मळ आला त्या फेऱ्या कोणत्या आणि आधार द्यावा लागला का, एवढेच लिहा. ज्या दिवशी पहिल्या फेरीत अगदीच अडेल, त्या दिवशी ग्लिसरीनची गोळी गुदद्वारात ठेवा, वारंवार कुंथण्यापेक्षा ती कितीतरी बरी. तेवढ्याने भागले नाही, तर कोमट पाण्याने गुदाशय धुण्याची पद्धत डॉक्टर किंवा परिचारिकेकडून शिकून घेता येते. रेक्टोसीलमध्ये मळ उरणाऱ्या जणींना तिचा विशेष उपयोग होतो.

शौचावाटे रक्त किंवा शेंबडासारखा चिकट द्रव येऊ लागला, तर वहीत लिहून थांबू नका, लगेच दाखवा. घडीचे टोक रोज घासले गेल्याने गुदाशयात एखादा व्रण पडू शकतो. तो दुर्बिणीतून कधी कधी गाठीसारखाही दिसतो आणि तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. वजन घटणे किंवा हिमोग्लोबिन उतरणे यांनाही तोच नियम लागू आहे, कोलोनोस्कोपी चांगली आलेली असली तरी.

शस्त्रक्रियेबद्दल माझे मत आज ‘अजून नको’ असे आहे, ‘कधीच नको’ असे नाही. तुम्हाला सुचवलेली शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून करायची व्हेंट्रल मेश रेक्टोपेक्सी असावी. बेल्जियममधल्या लूव्हन इथल्या शल्यचिकित्सकांनी २००४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले, आणि त्यानंतर ती सर्वत्र पसरली. गुदाशयाच्या फक्त पुढच्या भिंतीला जाळीची पट्टी शिवतात आणि ती वर माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला बांधतात, म्हणजे भिंत खाली दुमडू शकत नाही आणि पुढचा फुगवटाही आवरला जातो. मागच्या बाजूला हात लावला जात नसल्याने तिथल्या नसांना धक्का बसण्याचा धोका कमी होतो. तुमच्यासारखी घडी आणि रेक्टोसील एकत्र असलेल्या स्त्रीसाठी ती योग्य ठरू शकते. पण घडी सरळ करणे जितके खात्रीचे आहे, तितके तक्रार जाणे खात्रीचे नाही. जाळी क्वचित योनीत किंवा गुदाशयात झिजून बाहेर येते आणि मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. स्टेपलर लावून आतली जास्तीची भिंत कापण्याची स्टार नावाची दुसरी पद्धत आहे, पण तिच्यानंतर काहींना शौचाची घाई आवरत नाही, म्हणून तुमच्या वयात आणि चिमट्याच्या बाळंतपणानंतर मी तिच्याबद्दल अधिक सावध राहीन.

तीन ते सहा महिने वर सांगितलेले नेटाने केले, फुग्याच्या चाचणीत स्नायूंचा दोष नाही हे ठरले किंवा दोष असल्यास बायोफीडबॅक पूर्ण झाले, आणि तरीही वहीतले आकडे फारसे हलले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करा. त्या वेळी खोकताना लघवी सुटते का, हेही सांगा, कारण ओटीपोटाचा तळ एकच असतो आणि पुढचा-मागचा भाग एकदमच पाहावा लागतो. जाताना कागदी अहवालासोबत नाशिकहून तपासणीची सीडी आणि ती वही घेऊन जा, आणि शल्यचिकित्सकांना ती चित्रफीत तुमच्यासमोर लावायला सांगून विचारा, ‘घडी उतरली तेव्हा किती जेल आत होते, आणि ती उतरल्यानंतर थोडे तरी बाहेर आले का?’